प्लेटलेट सगळ्यात कमी होत्या तो दिवस सगळ्यात धोक्याचा नव्हता

"नमस्कार डॉक्टर. माझा एकवीस वर्षांचा मुलगा पुण्यात शिकतो. ऑगस्टमध्ये त्याला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी सकाळी एका लॅबने प्लेटलेट 38 हजार सांगितल्या, संध्याकाळी दुसरीने 61 हजार. सहाव्या दिवशी ताप गेला म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला, तर डॉक्टरांनी नेमकं त्याच दिवशी ॲडमिट केलं. पुढे 29 हजारांवर आल्या तरी प्लेटलेट चढवल्या नाहीत. माझे दीर दोन दिवस रक्तपेढ्यांच्या फेऱ्या मारत होते. आता तो बरा आहे, पण डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला असा वाद घरात अजून चालू आहे. सगळे रिपोर्ट जोडते आहे. हा आकडा नेमकं काय मोजतो, ते एकदा समजावून सांगा."
— एक आई, सांगली

ताई,

तुम्ही पाठवलेले आठही रिपोर्ट मी टेबलावर तारखेप्रमाणे ओळीनं लावले. प्रत्येकावर प्लेटलेटच्या आकड्याभोवती कुणीतरी लाल पेनानं गोल केलाय. बाकी कुठल्याच आकड्याला गोल नाही. मला मात्र तुमच्या मुलाच्या आजाराची गोष्ट त्याच कागदावर जरा वरच्या ओळीत दिसते आहे. तिथे मी येणारच आहे, पण आधी तुमच्या प्रश्नापासून सुरुवात करते.

प्लेटलेट म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका. घरोघरी डेंग्यूत "पांढऱ्या पेशी कमी झाल्या" असं म्हणतात आणि म्हणायचं असतं प्लेटलेटबद्दल. पांढऱ्या पेशी वेगळ्या. डेंग्यूत त्याही कमी होतात, बहुतेकदा प्लेटलेटच्या आधीच. तुमच्या मुलाच्या तिसऱ्या दिवसाच्या रिपोर्टवर त्या 3,200 आहेत. प्लेटलेट तर पूर्ण पेशीही नव्हे. हाडांच्या मगजात मोठाल्या पेशी असतात, त्यांचे तुटून निघालेले हे तुकडे. नीट माणसाच्या शरीरात रोज साधारण दहा हजार कोटी तुकडे नवे तयार होतात, सात ते दहा दिवस रक्तात फिरतात आणि संपतात. रक्तवाहिनीला कुठे खरचटलं की तिथे जाऊन चिकटायचं आणि भोक बुजवायचं, हे त्यांचं काम.

रिपोर्टवरचा आकडा सांगतो की एका मायक्रोलिटर रक्तात असे किती तुकडे आहेत. एक मायक्रोलिटर म्हणजे बारीक मोहरीच्या दाण्याएवढा थेंब. निरोगी माणसात त्या दाण्याएवढ्या थेंबात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. कुठल्या रिपोर्टवर हे 38,000 असं छापतात, कुठे 0.38 लाख, कुठे 38 आणि पुढे `10^3/µL`. तिन्ही एकच. आठव्या दिवशीच्या कागदावर 0.52 लिहिलंय, त्याच्या बाजूला तुमच्याकडच्या कुणीतरी मोठं प्रश्नचिन्ह काढलंय. ते 52 हजार आहेत. त्या दिवशी प्लेटलेट वाढल्या होत्या.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. हा आकडा त्या क्षणीची शिल्लक आहे. मगजातून किती येताहेत आणि रक्तात किती खर्ची पडताहेत, त्यांची ही वजाबाकी. डेंग्यूत दोन्हीकडून मार बसतो. सुरुवातीला विषाणूमुळे मगजाचं काम मंदावतं. मग शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूशी लढताना प्लेटलेटनाही लक्ष्य करते आणि त्या झपाट्यानं नष्ट होतात. म्हणून आकडा साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घसरायला लागतो, सहाव्या-सातव्या दिवशी तळ गाठतो आणि आठव्या दिवसापासून स्वतःहून वर येतो. ज्या प्लेटलेट उरल्या आहेत त्या काम कसं करताहेत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींची अवस्था काय आहे, यातलं काहीही हा आकडा सांगत नाही.

आता 38 आणि 61 चं भांडण. यात कुणी खोटं बोललेलं नाही.

तुमच्या मुलाचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलं. त्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध असतं, आणि ते सगळीकडे मिसळावं म्हणून नळी आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीसुलटी करावी लागते. शीर पटकन सापडली नाही, सुई आत-बाहेर झाली, रक्त हळूहळू थेंब थेंब आलं किंवा नळी नीट उलटली नाही, तर त्या दोन मिनिटांत प्लेटलेट आपलं काम करून मोकळ्या होतात. त्या एकमेकींना चिकटतात. पुढे मशीनमध्ये पातळ केलेलं रक्त एका बारीक छिद्रातून जातं आणि आकारावरून मशीन ठरवतं की ही लाल पेशी, ही प्लेटलेट. तीस प्लेटलेटचा गोळा छिद्रातून गेला तर तो मशीनच्या लेखी प्लेटलेट नसतोच, कारण तो फार मोठा. तीसच्या तीस हिशोबातून गळतात.

सकाळच्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे, 'प्लेटलेट क्लम्प्स सीन, काइंडली रिपीट विथ फ्रेश सॅम्पल', म्हणजे प्लेटलेटच्या गुठळ्या दिसल्या, नवं रक्त घेऊन पुन्हा तपासा. लाल पेनाचा गोल तिथे हवा होता. संध्याकाळच्या लॅबने नवीन रक्त घेतलं, काचपट्टीवर तपासून 61 हजार दिले, आणि गुठळ्या नाहीत असंही लिहिलं. म्हणजे सकाळीसुद्धा खरा आकडा साठच्या आसपास, थोडा वरच असणार. गुठळ्यांमुळे आकडा खोटा कमीच येतो, त्यानं तो वाढत नाही.

हे मी रोज बघते म्हणून सांगते. शंका आली की आम्ही रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरतो, रंग देतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. गुलाबी लाल पेशींच्या मधे जांभळ्या रंगाचे बारीक ठिपके, त्या प्लेटलेट. निरोगी रक्तात एका दृश्यात आठ ते वीस ठिपके दिसतात, आणि एक ठिपका म्हणजे ढोबळमानानं पंधरा हजार धरायचे. डेंग्यूच्या पट्टीत कित्येकदा दोन-तीनच दिसतात. पण पट्टी सरकवत सरकवत पातळ कडेला गेलं की काही वेळा तिथे द्राक्षाच्या घोसासारखा जांभळा पुंजका बसलेला असतो. तो दिसला की मशीनचा आकडा बाजूला ठेवायचा आणि नवं रक्त मागवायचं. एका पावसाळ्यात एका लहान मुलीचा आकडा मशीननं 19 हजार दिला होता. पट्टीत कडेला घोसच घोस होते. मी वॉर्डात फोन करेपर्यंत तिचे वडील रक्तपेढीकडे निघालेही होते. नव्या नळीत तिच्या प्लेटलेट 88 हजार भरल्या. क्वचित एखाद्याच्या रक्ताचं त्या जांभळ्या नळीतल्या औषधाशीच जमत नाही आणि दर वेळी गुठळ्या होतात. अशा वेळी निळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजतात.

गुठळ्या नसल्या तरी आकडा एवढा खाली असताना मशीनची अचूकता कमी होते. 29 आणि 33 हजार यांत फरक आहे असं मी छातीठोकपणे कधीच म्हणणार नाही. म्हणून एकाच दिवसात तीन लॅबमध्ये तपासणी करून आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. एकच लॅब धरा, डॉक्टर सांगतील तेवढ्या वेळा तपासा आणि आकडा कुठल्या दिशेला चाललाय ते बघा.

आता त्या वरच्या ओळीकडे येते.

प्रत्येक सीबीसी रिपोर्टवर 'पीसीव्ही' किंवा 'हिमॅटोक्रिट' असा एक आकडा असतो. रक्तात लाल पेशींचा वाटा किती आणि पाण्यासारख्या पिवळसर भागाचा किती, ते तो सांगतो. 41 म्हणजे शंभरात एक्केचाळीस भाग लाल पेशी. डेंग्यूचा खरा घात प्लेटलेटपेक्षा इथे होतो. काही रुग्णांमध्ये केशवाहिन्यांच्या भिंती तात्पुरत्या झिरपायला लागतात. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं पोटात आणि छातीत उतरतात, लाल पेशी मात्र वाहिनीतच राहतात. आमटी आटली की दाट होते, तसं रक्त दाट होतं आणि पीसीव्ही चढतो. पाणी फार गेलं की नाडी बारीक होते, हातपाय गार पडतात, लघवी थांबते, रक्तदाब कोसळतो. डेंग्यूतले मृत्यू बहुतेक या वाटेनं होतात, आणि मोठा रक्तस्रावही बऱ्याचदा असा बराच वेळ कोसळलेल्या रुग्णालाच होतो.

आणि हे झिरपणं कधी सुरू होतं? ताप उतरायच्या सुमारास. म्हणजे घरचे लोक देवापुढे साखर ठेवतात त्याच वेळेला.

तुमच्या मुलाचे दोन आकडे शेजारी शेजारी वाचून बघा. तिसऱ्या दिवशी पीसीव्ही 41, प्लेटलेट 1,42,000. चौथ्या दिवशी 42 आणि 96 हजार. पाचव्या दिवशी सकाळी 46, संध्याकाळी 45. इथे बघा, ज्या दोन लॅबचं प्लेटलेटवरून जमत नव्हतं त्यांचं पीसीव्हीवर एकमत आहे, कारण गुठळ्यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. सहाव्या दिवशी सकाळी ताप नाही, प्लेटलेट 34 हजार, आणि पीसीव्ही 49. एक्केचाळीसवरून एकोणपन्नास म्हणजे त्याच्या स्वतःच्या मूळ आकड्यापेक्षा जवळजवळ वीस टक्के जास्त. वीस टक्के वाढ ही डेंग्यूत पाणी झिरपत असल्याची पक्की खूण मानतात. 49 हा आकडा सुटा बघितला तर तरुण मुलासाठी तो ठीकच वाटतो, रिपोर्टवर तो ठळक अक्षरातही छापलेला नाही. तिसऱ्या दिवसाचा कागद शेजारी ठेवला तरच तो बोलतो. डिस्चार्ज कार्डावर पुढे लिहिलंय की त्याला पोटात दुखत होतं, सकाळपासून तीन उलट्या झाल्या होत्या आणि सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी, पित्ताशयाची भिंत जाड. सगळ्या गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. डॉक्टरांनी त्या दिवशी ॲडमिट केलं हा त्या आठवड्यातला सगळ्यात चांगला निर्णय होता.

त्यांनी सलाईन सुरू केलं. सातव्या दिवशी पीसीव्ही 44 वर उतरला. त्याच कागदावर प्लेटलेट 29 हजार आहेत, आणि गोल तीन वेळा गिरवलाय. तुम्ही सगळे त्या रात्री जागे असणार. पण खरं सांगायचं तर तोपर्यंत तो धोक्यातून बाहेर पडत होता. रक्त पुन्हा पातळ झालं होतं, रक्तदाब नीट होता, लघवी चांगली होत होती, उलट्या थांबल्या होत्या. पीसीव्ही उतरला की एकच भीती असते, कुठे आतून रक्त तर जात नाही ना. तसं असतं तर नाडी वेगानं पळाली असती, मुलगा पांढराफटक पडला असता, शौचाला काळी झाली असती. यातलं काहीच नोंदलेलं नाही. आठव्या दिवशी पीसीव्ही 41 म्हणजे त्याच्या मूळ जागी, प्लेटलेट 52 हजार, आणि भूक लागल्याची नोंद. नवव्या दिवशी 98 हजार. झिरपणं साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत थांबतं आणि बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात येतं. म्हणूनच सातव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सलाईन कमी केलं. "एवढा अशक्त आहे आणि सलाईन का काढलं" असं तुमच्या दिरांनी विचारलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. त्या वेळी ते तसंच चालू ठेवलं असतं तर ते पाणी फुप्फुसात साठून दम लागू शकला असता.

राहिला प्रश्न प्लेटलेट न चढवण्याचा. चढवलेल्या प्लेटलेटही त्याच रक्तात जातात, जिथे त्याच्या स्वतःच्या नष्ट होत होत्या. एक साधी पिशवी मोठ्या माणसात आकडा पाच-दहा हजारांनी वाढवते, आणि डेंग्यूच्या ऐन भरात तेवढंही टिकत नाही. सिंगापूर आणि मलेशियातल्या डॉक्टरांनी हे नीट तपासून 2017 मध्ये प्रसिद्ध केलं. डेंग्यू झालेले 372 प्रौढ रुग्ण, प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी, पण मोठा रक्तस्राव नाही. निम्म्यांना प्लेटलेट चढवल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव दोन्ही गटांत जवळपास सारखाच झाला. चढवलेल्या गटात अंगावर पित्त उठण्यासारखे त्रास मात्र जास्त दिसले. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही रक्तस्राव नसताना प्लेटलेट चढवण्याचा विचार दहा हजारांच्या खाली करतात. रक्तस्राव होत असेल, शस्त्रक्रिया करायची असेल किंवा आधीपासून रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर हिशोब बदलतो आणि तो डॉक्टरांनीच करायचा असतो. तुमच्या मुलाला हिरड्यांतून एकदा थोडं रक्त आलं एवढीच नोंद आहे. 29 हजारांवर, स्थिर रुग्णाला, न चढवणं बरोबर होतं. हलगर्जीपणा मला कुठल्याच कागदावर दिसला नाही.

दिरांना हे जरा हळुवारपणे सांगा. माणूस आजारी असताना घरच्यांना काहीतरी करायचं असतं, आणि रक्तपेढीत धावणं हे हाताशी असलेलं काम असतं. ती धाव मी समजू शकते.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. तुम्ही तो सहाव्या दिवसापासून दिलात आणि आठव्या दिवशी प्लेटलेट वाढल्या. ज्यांनी तो दिला नाही त्यांच्याही आठव्या दिवशीच वाढतात. मला त्याची एकच काळजी वाटते. तो इतका कडू असतो की बऱ्याच जणांना उलटी होते, आणि डेंग्यूत वारंवार उलटी होणं हे धोक्याचं लक्षण असल्यामुळे मग ती रसाची की आजाराची, हे ओळखता येत नाही. त्यापेक्षा ओआरएस, पेज, ताक, शहाळ्याचं पाणी थोडं थोडं सतत पाजत राहणं जास्त उपयोगी. तापाला डॉक्टर सांगतील तेवढं पॅरासिटामॉलच द्या. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन आणू नका. त्यांनी पोटातून रक्त जाण्याची भीती वाढते.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एक होऊन गेला तरी बाकीचे तीन होऊ शकतात, आणि दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जड जाण्याची शक्यता जास्त असते. तुमचा मुलगा अजून दोन वर्षं पुण्यातच आहे, म्हणून लिहिते. पुन्हा कधी ताप आला आणि डॉक्टरांना डेंग्यूची शंका आली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच एक सीबीसी करून घ्या. ताप उतरल्यावर पुढचे दोन दिवस त्याला खोलीत एकटं ठेवू नका. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, चार-सहा तास लघवी नाही, किंवा नेहमीचा बोलका मुलगा एकदम गप्प किंवा बेचैन झाला, यातलं काहीही दिसलं तर प्लेटलेट कितीही असोत, त्याच तासाला दवाखान्यात जायचं. प्लेटलेट एक लाख असतानाही हे घडू शकतं.

आठही रिपोर्ट पोस्टानं परत पाठवते आहे. त्यातला तिसऱ्या दिवसाचा फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. त्यावर 41 भोवती मी निळ्या पेनानं गोल केलाय. तो त्याचा मूळ आकडा आहे, आणि पुढच्या वेळी जो कुणी डॉक्टर त्याला तपासेल त्याला तो लागेल.